जर्नलमध्ये छापून आलेल्या रिसर्च पेपरवर पत्र लिहायचंय? तुमचे प्रश्न

एका पेपरमधले सहा मुद्दे मला पटलेले नाहीत. सगळे लिहू का?

नको, एकच घ्या, आणि तो असा घ्या की तो पडला तर पेपरचा निष्कर्षच डळमळेल. तसंही जागा कुठे असते, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनला पत्र १७५ शब्दांत आणि पेपर छापल्यापासून ३ आठवड्यांच्या आत लागतं. सायन्स या जर्नलमधला २०१०चा आर्सेनिकवाला पेपर बघा. कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकमधला GFAJ-1 हा जिवाणू डीएनएमध्ये फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरतो असा दावा होता, कारण काय तर फॉस्फेट न घालताही तो वाढला. आता "हे रसायनशास्त्रात बसत नाही" एवढंच लिहून भागत नाही, लेखक म्हणणार म्हणूनच तर हा नवा शोध! टीका करणाऱ्यांनी पेपरमधलाच आकडा उचलला: जिवाणू ज्यात वाढवले ते माध्यम बनवायच्या क्षारांमधून साधारण ३ मायक्रोमोलर फॉस्फेट आपोआप आलेलं होतं, मग जेवढी वाढ दिसली तेवढ्याला ते पुरेसं नव्हतं का? दुसरा प्रश्न डीएनएचा, तो नीट धुवून शुद्ध केला नसेल तर मोजलेलं आर्सेनिक डीएनएच्या आतलं की नुसतं बाहेर चिकटलेलं हे कळणार कसं? हे दोन्ही प्रश्न प्रयोगशाळेत तपासता येतात, म्हणून मला ते फार आवडतात.

लेखकांनी मुद्दाम लपवलंय असं मला स्पष्ट वाटतं. तसं लिहिलं तर?

अजिबात लिहू नका. त्यांच्या मनात काय होतं ते तुम्हाला दिसत नाही, पद्धत मात्र छापलेली आहे. आर्सेनिकच्याच पेपरवर "शुद्धीकरणाकडे दुर्लक्ष केलं"च्या जागी "डीएनए वेगळा करायच्या जेलमधून कापलेला डीएनए मोजण्याआधी कसा धुतला ते सांगावं, पुन्हा शुद्ध करून मोजल्यावर आर्सेनिक टिकतं का तेही तपासावं" असं लिहा. पहिल्या वाक्यावर लेखक रागावतील आणि उत्तर रागालाच देतील, दुसऱ्याला माहिती द्यावी लागते. बनवाबनवीचा खरंच पुरावा हातात असेल तर तो पत्रात घालू नका, संपादकांना वेगळं कळवा.

लेखकांनी उत्तर दिलं, पण मुद्द्याला बगल दिली. परत लिहू?

बहुतेक जर्नल दुसरी फेरी छापतच नाहीत, त्यामुळे पहिल्याच पत्रात "अमुक दिसलं तर माझी शंका मिटेल" हे लिहून ठेवायचं. आर्सेनिकच्या पेपरवर २०११ मध्ये ८ टिप्पण्या छापल्या, लेखक आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. मग टीका करणाऱ्यांपैकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझी रेडफील्ड यांनी तोच जिवाणू मागवून वाढवला, डीएनए नीट शुद्ध करून तपासायला दिला, आणि २०१२ मध्ये त्यांच्या टीमने सायन्समध्येच छापलं की डीएनएच्या रचनेत आर्सेनिक सापडत नाही. २०२५ मध्ये सायन्सने मूळ पेपर मागे घेतला, लेखकांचा विरोध असतानाही, आणि तेव्हासुद्धा त्यांच्यावर फसवणुकीचा आरोप केला नाही.