आजोबांच्या लाल पेनाची गोष्ट लिहिताय? आधी चूक पक्की करा

तुमच्या मसुद्यात गुरुजी असलेले आजोबा नातवाचा नोकरीचा अर्ज लाल पेनाने तपासतात, पण त्या अर्जात ‘एक लाजिरवाणी चूक’ होती, एवढंच आहे. ती चूक वाचकाला डोळ्यांनी दिसली पाहिजे. नातू मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करतो असं धरा. padasathi लिहिल्यावर ‘पदासाठी’ उमटेल किंवा ‘पादासाठी’. विषयाच्या ओळीत ‘लिपिक पादासाठी अर्ज’ गेलं की झालं! ‘पाद’ हाही खराच शब्द, त्यामुळे शुद्धलेखन तपासणीत त्याखाली लाल रेघ येईलच असं नाही. नातवाने दहादा वाचूनही त्याला ते दिसत नाही, कारण तो मनातलं वाक्य वाचतो.

गुरुजी मात्र पट्टी ओळीखाली धरून अक्षर न् अक्षर वाचतात. इथे घाई करू नका. पट्टी खाली सरकते, थांबते, पेनाचं टोपण निघतं. ‘पा’च्या कान्यावर एक आडवी रेघ, आणि समासात खूण. चूक ते सांगत नाहीत, नातवाला मोठ्याने वाचायला लावतात. तो ‘पदासाठी’च वाचतो. मग आजोबा:

“काय लिवलं हाय थे वाच. काय लिवाचं होतं थे नोको वाचू.”

वऱ्हाडी एवढीच पुरे. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा.

एक अडचण राहते. लाल खुणांचा कागद जमा करता येत नाही. म्हणून ही तपासणी आदल्या संध्याकाळी घडवा, म्हणजे सकाळच्या एसटीने तालुक्याला जाऊन नवी प्रत काढायला नातवाला वेळ राहील. शेवट झेरॉक्सच्या दुकानात करा: पैसे देण्याआधी तो खिशातली पट्टी काढून पहिल्या ओळीखाली धरतो.