स्वयंपाकाच्या मावशी: किती रुपये हे नंतर, कोणत्या वेळेला हे आधी

प्रश्न: आम्ही दोघं पुण्यात नोकरी करतो, हातात मिळून ९२ हजार येतात. घरभाडं २२, गाडी आणि कर्जाचा हप्ता १४, गावी ८. स्वयंपाकाच्या मावशी दोन वेळचे ६५०० मागतात, एका वेळचे ४०००. भांडी-केर-फरशीचे २५०० वेगळे. सध्या बाहेरून मागवण्यात महिन्याला साडेआठ हजार तरी जातात. सासूबाई म्हणतात, दोघांच्या स्वयंपाकाला बाई कशाला? किती खर्च करणं योग्य?

उत्तर:

पगाराच्या अमुक टक्के मदतनिसांवर, असा हिशोब मांडायला जाऊ नका. आम्ही दोघांनी तो आठ वर्षांपूर्वी वहीत करून पाहिला होता आणि त्यातून काहीच ठरलं नाही. आधी एक काम करा. ज्या ॲपवरून मागवता त्यात गेल्या तीन महिन्यांच्या ऑर्डरी असतील. रक्कम बघू नका, वेळ बघा. आमच्या बहुतेक सगळ्या रात्री साडेआठ ते दहामधल्या निघाल्या. कामावरून यायचं, ओट्याकडे बघायचं आणि फोन काढायचा. सकाळी काही ना काही डब्यात जातच होतं, भले मग उपमा असो. गळती संध्याकाळी होती आणि आम्ही मावशी शोधत होतो सकाळच्या.

सकाळी सात ते नऊ ही वेळ सगळ्यांनाच हवी असते. मावशींची घरं एका ओळीत लागलेली असतात, हे आटोपून त्या पुढच्या घरी पोचायला हव्यात. त्यामुळे त्या वेळेचा दर चढाच असतो आणि घाई वेगळी. संध्याकाळी सहानंतर ज्या बाई कामं धरतात, त्यांना निवांतपणा थोडा जास्त असतो. तुमच्या ऑर्डरीही रात्रीच्याच असतील तर एकच वेळ घ्या, पण संध्याकाळची. काय करायचं ते स्पष्ट ठरवा: रात्रीची भाजी-आमटी, दोन्ही वेळच्या मिळून चौदा पोळ्या, आणि सकाळच्या डब्याची भाजी निवडून-चिरून डब्यात. सकाळी तुम्ही फक्त फोडणी द्यायची, वीस मिनिटांचं काम. रात्रीच्या पोळ्या कापडात गुंडाळून बंद डब्यात ठेवल्या तर दुपारपर्यंत मऊ राहतात. पोळ्यांचा आकडा आधी बोला, कारण दर त्यावरच ठरतो. पाहुणे आले तर काय, हेही तेव्हाच.

आता आकडे. मावशींचा पगार बारा महिन्यांचा नसतो, तेरा महिन्यांचा असतो, कारण दिवाळीला एक पगार बोनस द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. म्हणजे दोन वेळचे ६५०० खरे ७०४० होतात. शिवाय खाडे. ठरलेल्या दोन सुट्ट्या धरून वर्षभरात सरासरी महिन्याला चार दिवस त्या येणार नाहीत, म्हणून मनाची तयारी ठेवा. त्यातले दोन दिवस तुम्ही घरी काहीतरी कराल, दोन दिवस मागवाल. ८०० रुपये धरा. तेल आणि गॅस दुसऱ्याच्या हातानं थोडे जास्तच जातात, त्याचे ५००. झाले साधारण ८३४०. त्या बदल्यात ऑर्डरी साडेआठ हजारांवरून तीन हजारांवर येतील. शून्यावर येत नाहीत, आमच्याही आल्या नाहीत. म्हणजे साडेपाच वाचले आणि अंगावर पडले २८४० रुपये.

संध्याकाळची एकच वेळ घेतली तर ४००० चे ४३३० होतात, खाड्यांचे ६०० आणि तेल-गॅसचे ३०० मिळून ५२३०. ऑर्डरी साडेतीनवर आल्या असं धरू, तर पाच हजार वाचले. अंगावर पडतात २३० रुपये. याच ४००० मध्ये सकाळची वेळ घेतली असती तर रात्रीच्या ऑर्डरी जवळपास तशाच राहिल्या असत्या आणि चार हजारांच्या आसपास खिशातून गेले असते. सासूबाईंना हा हिशोब दाखवा. 'दोघांना कशाला' या प्रश्नाला दुसरं कुठलं उत्तर पटेल असं वाटत नाही.

भांडी-केर-फरशी मात्र निव्वळ खर्च आहे, त्यातून काही वाचत नाही. बोनससकट महिना २७१० पडतात. तुमच्या पैशात बसतात, मी घेईन. अडचण असेल तर फक्त भांडी लावा, कारण घासलेली भांडी नसली की स्वयंपाकाच्या मावशीही ओट्यापाशी खोळंबतात. फरशी एक दिवसाआड करा आणि पैसे निम्मे घ्या, असं सांगून बघू नका. त्यांची वेळ तुमच्यासाठी रोजच अडकलेली असते, मधल्या दिवशी तेवढ्या वेळात दुसरं घर मिळत नाही.

वेळ अडकण्यावरून माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी मे महिन्यात आम्ही बारा दिवस गावी गेलो. पगार तेव्हा ४५०० होता. परत आल्यावर मी कॅलेंडरवर फुल्या मोजून बारा दिवसांचे १८०० कापले आणि वर "तुम्हालाही सुट्टी मिळाली की" असं म्हणाले. मावशी काही बोलल्या नाहीत, पैसे पदराला बांधून गेल्या. सात तारखेपासून आल्याच नाहीत. पलीकडच्या इमारतीत आमची साडेसहाची वेळ त्यांनी दुसऱ्या घराला दिली होती. दुसरी बाई मिळायला दीड महिना गेला आणि त्या काळात बाहेरच्या जेवणावर अकरा हजार गेले. आपण गावी गेलो म्हणून त्यांचं घरभाडं थांबत नाही, हे मला तेव्हा सुचलंच नाही. आता आम्ही गेलो तरी पूर्ण पगार देतो, आणि जाण्याआधी तारखा सांगतो.

उचल हा यादीतला विसरला जाणारा खर्च. जूनमध्ये शाळा सुरू होताना किंवा घरात आजारपण आलं की मावशी पाच-दहा हजार मागतील. देणार असाल तर ती रक्कम वेगळी ठेवा, आणि परतफेड महिना हजाराच्या वर लावू नका. जास्त कापलं की हातात काहीच उरत नाही आणि बाई कामच सोडते. किती फिटले ते कॅलेंडरवर दोघींच्या समोर लिहा. पगारवाढही वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, त्यांनी मागायच्या आधी द्या. घरकामगारांसाठी राज्यात २००८ चा कायदा आहे, पण तो कल्याण मंडळाचा. दर काही तो ठरवून देत नाही, त्यामुळे सगळं तोंडी बोलण्यावरच चालतं. एक मात्र सहज करता येतं: मावशींचं बँकेत खातं असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये आपण भरावेत. विमा फक्त अपघाताचा आहे, पण पाच घरांमधून पायी ये-जा करणाऱ्या बाईला तोच लागतो.

पहिला महिना फक्त संध्याकाळची वेळ लावून बघा आणि महिनाअखेरीला ॲपमधल्या ऑर्डरी परत मोजा. साडेतीन हजारांच्या खूप वर राहिल्या तर जेवणाची चव जमत नाही असं समजा. मग मावशींशी मीठ-तिखटाबद्दल मोकळेपणानं बोला, दुसरी वेळ वाढवून उपयोग होणार नाही.