पुस्तकाच्या खिशातली चिठ्ठी

"खूप वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. तेव्हाच सांगायचं होतं, ते राहून गेलं. आता समोरच्याला आठवतही नसेल. जाऊन सांगू की गप्प बसू? त्या चुकीपेक्षा आता उशिराचीच जास्त लाज वाटते."

सांगा. पण आपण नेमकं कोणाचं काय देणं लागतो, हे आधी तपासून घ्या. हे मी एका ताईंमुळे शिकले. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, त्यांची गोष्ट सांगते.

त्या नागपुरात सक्करदऱ्याकडे राहतात, शाळेत शिकवतात, वय अडतीस. २०२४ च्या उन्हाळ्यात माझ्याकडे आल्या त्या झोप येत नाही म्हणून. शाळेने त्यांच्यावर ग्रंथालयाची जबाबदारी टाकली होती. मुलांना "पुस्तक वेळेवर आणून द्या" म्हणायची वेळ आली की त्यांच्या घशाशी काहीतरी अडकायचं. दुसऱ्या भेटीत कारण बाहेर आलं. २००३ मध्ये, अकरावीत असताना, महालातल्या एका जुन्या वाचनालयातून त्यांनी पक्ष्यांवरचं एक पुस्तक नेलं होतं. रंगीत चित्रांचं, जाड, महागडं. ते परत गेलंच नाही. एकवीस वर्षं माळ्यावर, जुन्या गादीच्या खोळीत होतं.

"परत का नाही केलं?" मी विचारलं.

"त्यातलं एक चित्राचं पान फाटलं होतं ना मॅडम. भावाने फाडलं. तो तेव्हा नऊ वर्षांचा, चिकटवहीसाठी चित्रं कापून राहायचा. बाबांनी मारलं तर त्याने कबूलही केलं. पण पुस्तक माझ्या नावावर, भरपाई कुठून देणार?"

भावाबद्दलचं ते बोलणं त्या भराभर बोलून गेल्या आणि मीही त्यावर थांबले नाही. थांबायला हवं होतं.

त्यांचा बेत असा होता की पुस्तक कुरिअरने, नाव न टाकता पाठवून द्यायचं. मी नको म्हटलं. त्यामागचं कारण नीट सांगायला हवं, कारण बहुतेकांना हीच वाट सुचते. आपण एखादी गोष्ट टाळतो तेव्हा लगेच हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच पुढच्या टाळण्याला खतपाणी घालतं. दरम्यान मनात रंगवलेली भीती खरी की खोटी, हे तपासायची संधीच मिळत नाही. त्यामुळे ती होती तेवढीच राहते, किंवा वाढते. निनावी पार्सल हेही टाळणंच. पुस्तक गेलं असतं, पण वाचनालयाच्या गल्लीतून जाताना त्यांनी रस्ता बदलणं सुटलं नसतं.

म्हणून आम्ही आधी कागदावर लिहिलं, तिथे गेल्यावर काय होईल असं वाटतं आणि त्याची शंभरपैकी किती खात्री आहे. त्यांनी लिहिलं: सगळ्यांसमोर बोलतील, ९०. दंड हजारांत निघेल, ८०. शिक्षिका असून असं केलं म्हणतील, १००. हा कागद मी माझ्याकडे ठेवला. तो आधीच लिहून घेतला नाही तर माणूस नंतर म्हणतो, "मला तसं काही वाटलंच नव्हतं", आणि अनुभवातून शिकायचं राहून जातं.

मग पायऱ्या. पहिल्या आठवड्यात पुस्तक माळ्यावरून काढून जेवायच्या टेबलावर ठेवायचं, झाकायचं नाही. पहिल्या दिवशी त्या स्वयंपाकघरातच जेवल्या. पाचव्या दिवशी त्यावरची धूळ पुसली. दुसऱ्या आठवड्यात वाचनालयासमोरून रोज एकदा जायचं, आत नाही. तिसऱ्या आठवड्यात फोन करून फक्त वेळ विचारायची. एक पायरी कंटाळवाणी वाटू लागली की मगच पुढची.

सोबत द्यायला त्यांनी एक पत्रही लिहिलं होतं. तीन पानी, त्यात बाबांची नोकरी, परीक्षा, घरची तंगी, सगळं. मी त्यातलं 'का' काढायला सांगितलं. माफीच्या पत्रात कारणं जास्त झाली की वाचणाऱ्यावर समजून घ्यायची जबाबदारी पडते, म्हणजे देणं फेडायच्या ऐवजी आपण आणखी काही मागायला लागतो. उरल्या चार ओळी: कोणतं पुस्तक, केव्हा नेलं, एक पान नाही, भरपाई सांगाल ती देईन.

चौथ्या शनिवारी त्या गेल्या. काउंटरवर पन्नाशीच्या एक ग्रंथपाल बाई होत्या. त्यांनी चार ओळी वाचल्या, पुस्तक उलटून दाखल क्रमांक पाहिला आणि आतून जुनी दाखल नोंदवही मागवली. त्या क्रमांकापुढे लाल शाईत 'गहाळ' लिहिलेलं होतं, आणि पुढे शेरा: अनामत वळती. म्हणजे सभासद होताना भरलेले शंभर रुपये वाचनालयाने पुस्तकापोटी केव्हाच जमा करून घेतले होते. हिशेब मिटलेला होता.

दरम्यान बाईंनी सवयीने मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या खिशात बोट घातलं. आधीच्या पद्धतीत पुस्तकाचं कार्ड या कागदी खिशात असायचं, पुस्तक दिलं की ते काढून सभासदाच्या नावाने ठेवून घ्यायचे आणि खिसा रिकामा जायचा. वाचणारा तिथे पाहत नाही. पण या खिशाच्या तळाशी चारदा घडी घातलेला कागद होता, रेघांच्या वहीचा, जांभळट पडलेल्या शाईचा. त्यावर लिहिलं होतं:

"पान ४७-४८ (रंगीत चित्र) नाही. मोजदादीत आढळले. पुढील वाचकास जबाबदार धरू नये." खाली आद्याक्षरं आणि वर्ष, १९९९.

ग्रंथपाल बाईंनी पुढची चित्रसूची उघडून बोट ठेवलं. पान ४७, पिंगळा. मग म्हणाल्या, "तुमच्या आधीच गेलेलं आहे हे."

सोमवारी ताई माझ्याकडे आल्या तेव्हा मी तो पहिला कागद काढला. तिन्ही भाकितं फोल ठरली होती. दंड शून्य, बोलणी शून्य. उलट बाईंनी बसवून चहा पाजला होता. मला वाटलं, काम झालं. पण त्या कागदाकडे बघतच नव्हत्या.

"मॅडम, मग त्या दिवशी मार कोणी खाल्ला?"

तेव्हा ते सगळं सावकाश बाहेर आलं. पान नाही हे त्यांना पुस्तक परत करायच्या आदल्या रात्री दिसलं. बाबांचा धाक होता. बाबांनी विचारायच्या आत त्यांनी भावाकडे बोट दाखवलं होतं. "यानेच फाडलं." तो नाही नाही म्हणत होता. लाकडी पट्टीचे चार-पाच फटके बसल्यावर हो म्हणाला. त्यानंतर घरात 'वस्तू फाडणारा' हे त्याचं नावच पडलं. मोठ्यांची कुठलीही वस्तू त्याच्या हातात देताना कोणीतरी म्हणायचंच, "सांभाळून, तू फाडतोस."

वाचनालयाचं देणं फिटलेलं होतं, तेही त्यांना कळायच्या कितीतरी आधी. उरलेलं देणं दुसऱ्याच माणसाचं होतं, आणि आम्ही चार आठवडे त्या माणसाचं नावही घेतलं नव्हतं. जुन्या अपराधाच्या भावनेत असं होताना मी नंतरही पाहिलं आहे. मन एक सोपी, मोजता येणारी वस्तू धरून बसतं, पुस्तक, उसने पैसे, न लावलेला फोन, आणि तिच्या आड खरी सल झाकली जाते. ती ओळखायची एक खूण आहे. तुम्ही गोष्ट सांगता तेव्हा जो माणूस त्यात सगळ्यात कमी वेळ येतो आणि ज्याच्याविषयीचं वाक्य तुम्ही सगळ्यात भराभर म्हणता, तिथे परत जाऊन पाहा.

दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. सगळ्यांच्या पुस्तकात अशी चिठ्ठी निघत नाही. काही वेळा समोरचा माणूस ऐकून घ्यायला तयार नसतो, किंवा हयात नसतो. सांगितल्यावर माफी मिळेलच असं धरून जाऊ नका. आणि तुम्ही त्याच चुकीची माफी पुन्हा पुन्हा मागत असाल, प्रत्येक वेळी दोन दिवस बरं वाटून परत तीच टोचणी सुरू होत असेल, तर आणखी एकदा सांगून ती जाणार नाही. तो मंत्रचळाचा आजार असू शकतो आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. अपराधीपणासोबत जगणंच नकोसं वाटत असेल तर वाट पाहू नका, १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर लगेच बोला.

भाऊ पुण्याला नोकरीला. पोळ्याला नागपूरला आला, तेव्हा ताईंनी त्याला गच्चीवर नेलं आणि चिठ्ठीची झेरॉक्स हातात दिली. आमची तयारी चार ओळींचीच होती: त्या रात्री मी तुझं नाव घेतलं, मी पाहिलं नव्हतं, तू फाडलं नव्हतंस, मला माफ कर. त्या चार ओळी बोलून गप्प बसल्या.

त्याने कागद वाचला. म्हणाला, "नाही ताई. मीच फाडलं होतं. मला आठवते ना. निळा खंड्या होता. फाडून मी तो गादीखाली ठेवला होता."

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. सॉल कॅसिन आणि कॅथरीन किचेल या मानसशास्त्रज्ञांचा १९९६ चा एक प्रयोग आहे. संगणकावर टाइप करणाऱ्या विद्यार्थ्यांवर आळ घेतला की मनाई केलेली कळ तुम्ही दाबली म्हणून यंत्र बंद पडलं. कोणीही ती दाबलेली नव्हती. तरी निम्म्याहून जास्त जणांनी कबुलीवर सही केली. काहींना आपणच दाबली असं खरोखर वाटू लागलं आणि थोड्यांनी ती कशी दाबली याचे तपशीलही जोडले. तिथे मोठी मुलं होती आणि धाक नव्हता. इथे नऊ वर्षांचा मुलगा होता, हातात पट्टी घेतलेले बाबा होते, आणि पुढे कितीतरी वर्षं घरात तेच ऐकवलं जात होतं.

ताईंनी त्याला समजावायचा प्रयत्न केला नाही. मोबाइलमध्ये चित्रसूचीचा फोटो होता, तो पुढे केला. पान ४७, पिंगळा. निळा पक्षी तिथे नव्हताच.

तो बराच वेळ फोटो मोठा करून पाहत राहिला. खाली पोरं लाकडी बैल घेऊन ओरडत चालली होती. मग त्याने चिठ्ठीवरच्या वर्षावर अंगठा ठेवला आणि बोटांवर मोजलं.

"नव्व्याण्णव साली मी पाच वर्षांचा होतो," तो म्हणाला. "तेव्हा हे पुस्तक आपल्या घरी आलंच नव्हतं ना, ताई?"