मॅनेजमेंट रेकॉर्ड दाखवत नाही, ऑडिटचा राजीनामा कसा लिहू?

प्रश्न : प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं ऑडिट आहे. स्टॉक रजिस्टर आणि एका बँक खात्याची स्टेटमेंट्स मागून थकलो, मॅनेजमेंट देत नाही. राजीनाम्यात कारण काय लिहू, आणि कागद कुणाला देऊ?

उत्तर : ‘वैयक्तिक कारणास्तव’ अजिबात लिहू नका. खरं कारण, तेही तारखांसकट लिहा. पत्र संचालक मंडळाच्या नावे असू द्या. मजकूर साधारण असा :

“कंपनी कायदा २०१३च्या कलम १४३(१) नुसार आम्ही ५ आणि १९ जूनच्या ईमेलने स्टॉक रजिस्टर व चालू खात्याची स्टेटमेंट्स मागितली. २७ जूनला संचालकांनी ती देण्यास नकार दिला. त्यामुळे साठा व बँक शिल्लक यांबाबत पुरेसा पुरावा मिळू शकला नाही. पर्यायी मार्गही उरला नाही. म्हणून आजपासून राजीनामा देत आहोत.”

‘अफरातफर’सारखा शब्द पुराव्याशिवाय नको. संशयाला ठोस आधार असेल, तर कलम १४३(१२) नुसार कळवण्याची जबाबदारी राजीनाम्याने टळत नाही.

राजीनाम्यापासून ३० दिवसांत ADT-3 हा फॉर्म भरा. राजीनाम्याचं कारण तिथेही हेच लिहा. लोक नेमके इथेच मोघम लिहितात.

कंपनीचे मूळ कागद यादी करून परत द्या, पोच घ्या. वर्किंग पेपर्स मात्र तुमचेच, ते देऊ नका. नवा ऑडिटर काम घेण्याआधी तुम्हाला पत्र पाठवेल, त्याला राजीनाम्याचं हेच कारण कळवा.