चलानवर सही केली, टाइल्स लावायला घेतल्या. आता माल परत करता येईल का?

प्रश्न: डीलरकडून हॉटेलसाठी टाइल्सचे ३०० बॉक्स घेतले. चलानवर सही करून माल उतरवला. तीन आठवड्यांनी लावायला घेतला, तर शेड सॅम्पलपेक्षा वेगळी. ४० बॉक्स लावून झालेत. डीलर म्हणतो, सही केली तिथेच विषय संपला. खरं आहे का?

उत्तर: मी व्यापारी वादांची वकिली करतो. सहीबद्दल डीलर चुकीचं सांगतोय. चलानवरची सही म्हणजे माल पोचल्याची पावती. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४१ प्रमाणे, आधी न पाहिलेला माल तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत तो तुम्ही स्वीकारला असं धरत नाहीत.

तुमची खरी अडचण ते लावलेले ४० बॉक्स आहेत. कलम ४२ प्रमाणे स्वीकार तीन प्रकारे होतो: तसं कळवलं तर, माल अजून विक्रेत्याचाच आहे याच्याशी विसंगत असं काही केलं तर, किंवा वाजवी मुदत उलटेपर्यंत काहीच न कळवता माल ठेवून घेतला तर. कापून सिमेंटवर बसवलेली टाइल परत देता येत नाही, म्हणजे दुसरा प्रकार झालाच. शेड तर पहिला बॉक्स फोडताच दिसते, त्यामुळे तीन आठवड्यांची शांतताही तुमच्या विरोधात जाईल. वाजवी मुदत किती, हे मालावर आणि परिस्थितीवर ठरतं; कायद्यात आकडा नाही.

उरलेले २६० तरी परत करू, असं वाटेल. पण कलम १३(२) प्रमाणे व्यवहार अविभाज्य असेल आणि त्यातला काही माल स्वीकारला असेल, तर करारात वेगळं ठरलेलं नसल्यास उरलेला मालही नाकारायचा हक्क जातो. एकाच हॉलसाठी, एकाच ऑर्डरमध्ये, एका शेडच्या टाइल्स असतील तर तो अविभाज्यच ठरण्याची शक्यता जास्त.

हक्क मात्र सगळा संपत नाही. माल सॅम्पलप्रमाणे नव्हता, म्हणून कलम ५९ खाली किंमत कमी करून मागता येते किंवा नुकसानभरपाईचा दावा लावता येतो. त्यासाठी काम आजच थांबवा. बॉक्सवर छापलेला शेड आणि बॅच नंबर वाचता येईल असे फोटो काढा आणि सॅम्पलची टाइल शेजारी ठेवूनही काढा. मग डीलरला लेखी कळवा. फोनवरची तक्रार नंतर सिद्ध करणं फार कठीण जातं. बिलाची मागची बाजूही वाचा. लावल्यानंतर तक्रार चालणार नाही, अशी अट तिथे असेल तर डीलर तीच पुढे करील.

एकही टाइल लावायच्या आधी, दोन-तीन दिवसांत कळवलं असतं, तर बाजू भक्कम होती. कलम ४३ प्रमाणे नाकारलेला माल स्वतःच्या खर्चाने परत पाठवावा लागत नाही. नाकारल्याचं कळवलं की पुरे.

पुढे कधी थेट उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या कारखान्याकडून माल घेतलात, तर माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घ्या. नाहीतर २००६ चा एमएसएमई कायदा माल पोचल्याच दिवशी स्वीकारला असं धरतो आणि पैसे द्यायची मुदत तिथूनच मोजतो.