एकच डॅफ्निया, तिथे असण्याची तीन वेगळी कारणं

प्रश्न: मेटाकम्युनिटीबद्दल, म्हणजे जीवांच्या ये-जा करण्यानं जोडलेल्या समुदायांच्या समूहाबद्दल, वाचतोय. पॅच डायनॅमिक्स, स्पीशीज सॉर्टिंग आणि मास इफेक्ट या तिन्हींचं सार मला "प्रजाती इकडून तिकडे जातात" एवढंच वाटतं. खरा फरक कुठे आहे? आणि तळ्यांचा डेटा समोर असेल तर कोणतं लागू पडतं हे कसं कळणार?

उत्तर:

जीव इकडून तिकडे जातात हे तिन्हींत खरं आहे. फरक ते किती वेगानं येतात यात आहे, आणि हा वेग मोजायचा तो तळ्याच्या आत जे चाललंय त्याच्या तुलनेत. आत पिढ्या वाढतात, उपासमार होते, एक प्रजाती दुसरीला हुसकावते. त्यासोबत दुसरा प्रश्न विचारायचा: सगळी तळी सारखीच आहेत, की प्रत्येकाचा स्वभाव वेगळा? लीबोल्ड आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एकूण चार चौकटी मांडल्या होत्या. न्यूट्रल ही चौथी तुम्ही विचारलेली नाही, म्हणून ती सोडते. बाकीच्या तीन डॅफ्नियावरच समजावते, कारण हा गोड्या पाण्यातला मिलिमीटरभराचा प्राणी मी इतके दिवस सूक्ष्मदर्शकाखाली मोजलाय की दुसरं उदाहरण पटकन सुचत नाही.

फिनलंडच्या किनाऱ्याजवळ खडकाळ बेटं आहेत आणि त्यांच्या खळग्यांत पाणी साचून शेकडो छोटी डबकी होतात. त्यांत डॅफ्नियाच्या तीन प्रजाती राहतात: मॅग्ना, प्युलेक्स आणि लाँगिस्पिना. डबकं आटतं, कधी लाटेनं धुऊन निघतं, आणि तिथली वस्ती संपते. मग कवचातली सुप्त अंडी वाऱ्याबरोबर किंवा पक्ष्यांमार्फत येऊन पुन्हा रुजतात. इतक्या लहान जागेत तिघी एकत्र कशा टिकतात, याचं उत्तर हान्स्की आणि रांता यांनी १९८३ मध्ये पॅच डायनॅमिक्सनं दिलं: एकाच डबक्यात त्या टिकत नसतीलही, पण डबक्यांच्या समूहात टिकतात. एक प्रजाती भांडणात जिंकते, दुसरी रिकामी जागा आधी गाठते.

यातलं गणित एकदा करून बघाच. समजा, दर वर्षी प्रत्येक वस्ती संपण्याचा दर e = 0.1 आहे आणि बलवान प्रजातीचा नवी डबकी व्यापण्याचा दर c₁ = 0.2. मग ती p₁ = 1 − e/c₁, म्हणजे १०० पैकी ५० डबकी धरून ठेवते. दुबळी प्रजाती टिकायला तिचा दर c₂ > c₁²/e, म्हणजे ०.४ हून जास्त हवा. नुसतं थोडं चपळ असून भागत नाही, दुपटीहून जास्त चपळ असावं लागतं. तो ०.६ असेल तर तिच्या वाट्याला साधारण १७ डबकी येतात. आता डबकी जास्त टिकाऊ करा, e अर्ध्यावर आणून ०.०५ करा. बलवान प्रजाती ७५ डबक्यांत पसरते, दुबळीला लागणारा दर ०.८ वर जातो आणि ०.६ वाली नाहीशी होते. स्थैर्य वाढलं म्हणून एक प्रजाती गेली. पहिल्यांदा हे सोडवलं तेव्हा माझं कुठेतरी चिन्ह चुकलं असं वाटून मी तीनदा तपासलं होतं.

पण या मांडणीत दोन गोष्टी गृहीत आहेत. बलवान प्रजाती आली की दुबळी लगेच हटते, आणि सगळी डबकी एकसारखी असतात. दुसरं गृहीतक त्याच किनाऱ्यावर डळमळीत झालं. पायुनेन या संशोधक द्वयीनं तिथल्या सुमारे ५०० डबक्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली, तेव्हा कोणती प्रजाती कुठे टिकते यात डबक्याच्या स्वतःच्या गुणधर्मांचाही हात दिसला. म्हणजे जागाच आपल्याला साजेशा प्रजाती निवडते, या स्पीशीज सॉर्टिंगचा शिरकाव तिथेच झाला.

सॉर्टिंगचं ठसठशीत उदाहरण बेल्जियममधल्या गेंक शहराजवळ आहे. डे माटेन इथली तीसेक तळी एकमेकांना वाहत्या पाण्यानं जोडलेली आहेत. पाण्याबरोबर प्राणीप्लवक सतत पुढच्या तळ्यात जातं, म्हणून सगळीकडे एकच खिचडी दिसेल अशी अपेक्षा. कोटेनी आणि सहकाऱ्यांना २००३ मध्ये तसं दिसलं नाही. स्वच्छ, पाणवनस्पतींनी भरलेल्या तळ्यांत एक समुदाय होता, तर गढूळ, मासे जास्त असलेल्या तळ्यांत दुसरा. मासे डोळ्यांनी शिकार करतात, त्यामुळे मोठ्या अंगाची डॅफ्निया आधी खाल्ली जाते आणि बारीक प्रजाती उरतात. इथे प्रसाराचं काम एवढंच की प्रत्येक उमेदवार प्रत्येक दारात पोचावा. आत कोणाला घ्यायचं ते तळं ठरवतं.

हाच प्रवाह वाढवत नेला की मास इफेक्ट सुरू होतो. समजा, माशांच्या तळ्यात मोठी डॅफ्निया दर आठवड्याला २० टक्क्यांनी घटते, तर वरच्या तळ्यातून आठवड्याला १० नव्या वाहून येतात. तिची संख्या ५० वर स्थिरावते, कारण ५० चे २० टक्के म्हणजेच १०. जाळं टाकून मोजलं तर ५० सापडतील आणि तुम्ही लिहाल, "ही प्रजाती या तळ्यात राहते." ती राहत नाही, तिला पोसलं जातंय. वरचा प्रवाह बंद करा, दहा आठवड्यांत जेमतेम पाच उरतील. म्हणून थोडा प्रसार एका तळ्यातल्या प्रजाती वाढवतो. मुकेत आणि लोरो यांच्या २००३ च्या मॉडेलमध्ये मात्र तो फार वाढला की सगळीकडे एकच सरस प्रजाती पसरते आणि तळ्यांमधला फरकही पुसला जातो.

आता तुमचा डेटा. सर्वसाधारण पद्धत अशी की प्रजातींच्या तक्त्यातला फरक पर्यावरणानं किती आणि जागेच्या अंतरानं किती उलगडतो ते वेगळं करायचं. कोटेनी यांनी २००५ मध्ये असे १५८ संच एकत्र तपासले. सरासरी २२ टक्के फरक निव्वळ पर्यावरणाचा आणि १६ टक्के निव्वळ जागेचा निघाला. मग लोक पर्यावरण म्हणजे सॉर्टिंग आणि जागा म्हणजे प्रसार, असं वाचू लागले. मला हे वाचन घाईचं वाटतं. तुम्ही फॉस्फरस मोजला पण मासे मोजले नाहीत, आणि मासे एकाच टोकाच्या तळ्यांत असतील, तर माशांचा परिणाम "जागा" या खात्यात जमा होतो. गिल्बर्ट आणि बेनेट यांनी २०१० मध्ये, उत्तर आधीच माहीत असलेला कृत्रिम डेटा या पद्धतीला दिला, तर दोन्ही खात्यांची वाटणी बरोबर निघाली नाही.

त्यामुळे शक्य असेल तर हात ओले करा. प्रजाती नसलेल्या तळ्यात जाळीचा पिंजरा लावून ती सोडा. वाढली, आणि तळ्यात पिंजऱ्याबाहेर तिला खाणारे मासे नसतील, तर ती तिथे पोचलीच नव्हती. पॅच डायनॅमिक्सकडे झुकायला हरकत नाही. मेली, तर तळ्यानं नाकारली, हे सॉर्टिंग. याउलट प्रजाती असलेल्या तळ्यात पिंजरा लावून आत येणाऱ्या नव्या जीवांना अडवा. बाहेर संख्या टिकून आणि आत घसरत असेल तर मास इफेक्ट. पिंजऱ्याची जाळी मात्र एवढी मोठी नको की पिल्लं आरपार जातील, आणि एवढी बारीकही नको की शेवाळानं बुजून आत अन्नच पोचणार नाही. दुसऱ्या चुकीत माझा एक अख्खा उन्हाळा गेला: आतली डॅफ्निया भुकेनं मरत होती आणि मी वहीत आनंदानं "मास इफेक्ट" लिहीत होते. त्यानंतर वाढ अपेक्षित असलेल्या तळ्यातही एक पिंजरा लावायला लागले. तिथेही संख्या घसरली तर दोष जाळीचा.

तुमच्याकडे एकाच हंगामाचा तक्ता असेल तर पॅच डायनॅमिक्सबद्दल काही बोलू नका. त्यासाठी तीच डबकी वर्षानुवर्षं बघून किती वस्त्या संपल्या आणि किती नव्यानं बसल्या ते मोजावं लागतं.