‘वरीलप्रमाणे’ लिहाल तर बॉट चुकणारच

आमच्याकडे सोसायटीच्या नियमांवरच्या प्रश्नोत्तरांची मराठी पीडीएफ तयार आहे. सभासदांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या बॉटला ती तशीच दिली तर चालेल का? — एक सचिव, दादर

तिच्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. भलतीच चिन्हं उमटली तर मजकूर बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे आणि बॉटलाही तीच चिन्हं दिसणार. काहीच कॉपी झालं नाही तर ते बहुधा नुसतं स्कॅन केलेलं चित्र आहे. दोन्ही वेळा आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा, आणि आकडे माणसाकडून तपासून घ्या.

‘फ्लॅट भाड्याने दिला तर जादा किती भरायचे’ असं विचारलं की सोसायटीचा बॉट ‘एकूण मेंटेनन्सच्या १० टक्के’ सांगतो. बॉट विकणारे म्हणतात, उत्तर रचणारं महागडं मॉडेल घ्या. घ्यावं का? — एक खजिनदार, मुलुंड

आधी कागद बघा, मग पाकिटाला हात घाला. दर महिन्याला हेच पत्र वेगळ्या उपनगरातून येतं.

तुम्ही पाठवलेल्या कागदात १४ वा प्रश्न मेंटेनन्सच्या बिलात काय काय येतं याचा आहे. १५ वा असा: ‘भाडेकरू ठेवल्यास? उत्तर: वरील रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत. अपवाद खाली पाहावेत.’ माणूस पान वरून खाली वाचतो, म्हणून त्याचं भागतं. बॉटसाठी मात्र कागदाचे तुकडे केले जातात. तुमच्याकडे प्रत्येक प्रश्नाचा एक. प्रश्न आला की अर्थाने जवळचे वाटणारे चार-पाच तुकडे उचलले जातात आणि तेवढ्यावरच मॉडेल उत्तर रचतं. तुमच्या बॉटच्या हाती १४ वा आणि १५ वा तुकडा आला. ‘वरील रक्कम’ म्हणजे कुठली हे लिहिलेलंच नव्हतं, त्याने अख्खं बिल धरलं. अपवादाचा तुकडा तर आलाच नाही.

प्रत्यक्षात ही १० टक्क्यांची कमाल मर्यादा सेवा शुल्कावर आहे, महापालिकेचे कर वगळून. समजा बिल ६,००० रुपयांचं आहे आणि त्यात सेवा शुल्क २,५०० रुपये. मर्यादा २५० रुपयांची, बॉट सांगणार ६००. वर ज्या वडिलांच्या फ्लॅटमध्ये त्यांची मुलगी राहते, त्यांनाही हेच ऐकवणार.

आता तोच मजकूर असा लिहा:

> प्रश्न: सदनिका भाड्याने दिल्यास संस्था किती बिनभोगवटा शुल्क, म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, घेऊ शकते?
>
> उत्तर: सदनिका भाड्याने दिल्यास संस्था बिनभोगवटा शुल्क म्हणून सेवा शुल्काच्या कमाल १० टक्के रक्कम घेऊ शकते. सेवा शुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. मालकाचे आई-वडील, मुलगा, मुलगी असे जवळचे कुटुंबीय राहत असतील तर हे शुल्क लागत नाही.

‘सदनिका’, ‘शुल्क’ पुन्हा पुन्हा आलं म्हणून मराठीचे मास्तर कान पकडतील. पकडू द्या. हा तुकडा एकटा उचलला तरी पुरा आहे, अपवादही नियमाच्याच पोटात आहे. ‘वरील’, ‘सदर’, ‘त्याप्रमाणे’, ‘खाली पाहा’ हे शब्द सगळ्या कागदात शोधा आणि प्रत्येक जागी खरं नाव घाला.

तरीही चुकलं तर विकणाऱ्याला सांगा: उत्तर नको, उचललेले तुकडे दाखवा. योग्य तुकडा त्यांत नसेल तर दोष शोधण्यात किंवा प्रश्नाच्या शब्दांत आहे. तुकडा आहे आणि तरी उत्तर चुकतंय, तर आधी त्याची भाषा तपासा, मॉडेलचं नंतर बघू. तुकडे दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून काहीच महागडं घेऊ नका. आणि कुटुंबीयांची नेमकी यादी तुमच्या उपविधींवरून, सल्लागार वकिलांना दाखवूनच पक्की करा. ती मी पत्रातून ठरवणार नाही.

एकेका प्रश्नाचे दहा-दहा प्रकार लिहून ठेवा, असं ऐकलं. खरं का? — एक वाचक, बोरिवली

ऐकीव आहे. दहा नोंदी केल्या तर उचललेले पाचही तुकडे एकाच उत्तराचे निघतील आणि दुसरी लागणारी माहिती बाहेर राहील. नोंद एकच ठेवा. तिच्या प्रश्नात लोक खरंच वापरतात ते दोन-तीन शब्द घाला: उपविधी ‘सदनिका’ म्हणतात, माणसं ‘फ्लॅट’ आणि ‘रूम’ म्हणतात. ते शब्द अंदाजाने ठरवू नका. ऑफिसात फोन उचलणाऱ्या व्यवस्थापकाला विचारा.

जुनं परिपत्रकही बॉटमध्ये असू द्यावं का? — एक समिती सदस्य, ठाणे

नाही, आजच काढा. नवं-जुनं दोन्ही राहिलं तर कुठलं उचललं जाईल याचा नेम नाही. फाइल हवी तर कपाटात ठेवा.

बॉट ‘मला माहीत नाही’ म्हणतो, ते बंद कसं करायचं? — एक अध्यक्ष, चेंबूर

बंद करू नका. त्या वाक्यापुढे ऑफिसची वेळ आणि व्यवस्थापकाचा नंबर टाका.